मॅक्युलाचा ओसीटी रिपोर्ट वाचताना मधला आकडा शेवटी का पाहावा

डोळ्यांच्या पडद्याचा ओसीटी, म्हणजे पडद्याची जाडी मोजणारा स्कॅन, हातात आला की बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला मधल्या वर्तुळातला आकडा शोधतात. मागच्या वेळी ३४८ होता, आता ३६२ आहे, म्हणजे सूज वाढली, असा हिशोब दवाखान्याच्या जिन्यातच होऊन जातो. मी हे स्कॅन काढायचं काम करतो आणि खात्रीने सांगतो की हा हिशोब अनेकदा चुकतो. आकडा खोटा असतो असं नाही. तो कोणत्या स्कॅनमधून, कोणत्या दोन रेषांमधून आणि कोणत्या यंत्रातून आला हे कुणी बघत नाही.

इथे मी मधुमेहामुळे मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, येणारी सूज डोळ्यापुढे ठेवून रिपोर्ट वाचण्याचा क्रम देतो आहे, कारण वारंवार ओसीटी करावा लागणाऱ्यांत ही मंडळी खूप असतात. क्रम मोडू नका. मधला आकडा पाचव्या टप्प्यावर येतो, त्याआधी नाही.

## आधी काय जमवायचं

त्याच डोळ्याचे जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. रिपोर्ट रंगीत हवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर अर्धी माहिती मरते. मोबाईलवर काढलेला तिरका फोटो असेल तर कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसतात का ते पाहा, कारण पहिल्या दोन टप्प्यांचं सगळं तिथेच असतं. प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशीची नजर, म्हणजे तक्त्यावरचं ६/९ किंवा ६/१२, आणि डोळ्यात इंजेक्शन कधी दिलं तेही लिहून ठेवा. हे तीन स्तंभ शेजारीशेजारी नसतील तर जाडीचा आकडा एकटा फार काही बोलत नाही.

## १. कोणता डोळा, कोणता स्कॅन, कोणतं यंत्र

`OD` म्हणजे उजवा डोळा, `OS` म्हणजे डावा. हे माहीत असूनही घाईत अदलाबदल होते. एक सोपी खूण आहे. रिपोर्टवरच्या पडद्याच्या चित्रात डोळ्याची नस, म्हणजे गोल फिकट चकती, उजव्या डोळ्यात तुमच्या उजव्या हाताला आणि डाव्या डोळ्यात डाव्या हाताला दिसते. ही चकती नाकाच्या बाजूला असते, त्यामुळे `Nasal` आणि `Temporal` हे कप्पे कोणत्या बाजूचे तेही यावरून कळतं.

मग स्कॅनचं नाव वाचा. काचबिंदूसाठी नसेभोवतीच्या तंतूंची जाडी मोजतात, तो स्कॅन वेगळा. त्यातले आकडे १०० च्या आसपास असतात. ते पाहून मॅक्युला पातळ झाला म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. मॅक्युलाच्या जाडीच्या रिपोर्टवर `Macula` किंवा `Macular Thickness` असे शब्द हवेत.

शेवटी यंत्राचं नाव. सिरस आणि स्पेक्ट्रालिस ही दोन नावं नेहमी दिसतात, याशिवाय इतर कंपन्यांचीही यंत्रं आहेत. नाव कागदाच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत असतं. जुन्या-नव्या रिपोर्टवर ते लाल पेनाने गोल करून ठेवा. आठव्या टप्प्यात लागणार आहे.

## २. स्कॅनचा दर्जा

सिरसवर `Signal Strength` म्हणून १० पैकी गुण दिलेले असतात. ६ पेक्षा कमी असतील तर तो स्कॅन मोजमापासाठी धरत नाहीत. स्पेक्ट्रालिसवर `Q` या अक्षरापुढे डेसिबलमध्ये आकडा असतो. १५ च्या खाली भरवसा ठेवू नका, २० च्या वर असेल तर बरं.

दर्जा घसरायची कारणं साधीच असतात: मोतीबिंदू, कोरडा झालेला डोळा, लहान बाहुली, बुबुळावर साठलेला थेंबाचा किंवा मलमाचा थर. कोरडेपणा असेल तर कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकून दोन-चारदा पापण्या मिटल्या की गुण ५ वरून ७ वर जाताना मी रोज पाहतो. म्हणून ५ गुणांचा स्कॅन छापून दिला असेल तर पुन्हा काढायला सांगायला संकोच करू नका. दाट मोतीबिंदूत मात्र कितीही वेळा काढला तरी तो सुधारत नाही.

> तपासा: पडद्याच्या चित्रात रक्तवाहिन्या मध्येच तुटून सरकल्यासारख्या दिसतात का? तसं असेल तर स्कॅन चालू असताना डोळा हलला. आडवी काळी पट्टी असेल तर पापणी मिटली. गुण ८ असले तरी अशा स्कॅनचा आकडा जपून घ्यावा.

## ३. जाळी खळग्यावर बसली आहे का

रिपोर्टवर एकात एक तीन वर्तुळं असतात. त्यांचे व्यास १, ३ आणि ६ मिलिमीटर. बाहेरच्या दोन वलयांचे चार-चार कप्पे आणि मधलं एक वर्तुळ, असे एकूण नऊ आकडे. ही जाळी फोव्हियावर, म्हणजे मॅक्युलाच्या मधल्या खळग्यावर, बरोबर बसली तरच मधल्या आकड्याला अर्थ आहे.

कारण निरोगी डोळ्यात हा खळगा पडद्याच्या आसपासच्या भागापेक्षा बराच पातळ असतो आणि त्याच्या काठावर पडदा जाड होत जातो. जाळी अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी खळग्याचा काठ मधल्या वर्तुळात शिरतो आणि सूज नसताना आकडा फुगतो. यंत्रं खळगा आपोआप शोधतात, पण सुजेमुळे खळगा बुजला असेल किंवा रुग्णाला समोरचा ठिपका नीट दिसत नसेल तर ती चुकतात.

हे ओळखायची खूण कागदावरच असते. जाडीच्या रंगीत नकाशात मधला निळसर ठिपका म्हणजे खळगा. तो मधल्या वर्तुळाच्या आत आहे का पाहा. दुसरी खूण आकड्यांत असते. आतल्या वलयाच्या चार कप्प्यांपैकी तीन ३२० च्या घरात, चौथा अचानक २८०, आणि मधला आकडा ३०० असं दिसलं तर खळगा त्या चौथ्या कप्प्याकडे सरकलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सहसा पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. यंत्र चालवणाऱ्याला जाळी हाताने सरकवून नवा रिपोर्ट छापता येतो.

## ४. दोन रेषा कुठून जातात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी लोक हे बघतात. यंत्र जाडी थेट मोजत नाही. ते पडद्याच्या आडव्या छेदाच्या चित्रात दोन रेषा आखतं, एक पडद्याच्या वरच्या पृष्ठभागावर आणि एक तळाशी, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे जाडी. रेषा चुकली की आकडा चुकला, आणि तो चुकल्याची कसलीही सूचना कागदावर येत नाही.

छेदाच्या चित्रात वरची रेषा बोटाने धरून डावीकडून उजवीकडे जा. ती पडद्याच्या वरच्या कडेला चिकटून जायला हवी. डोळ्यातला जेलीसारखा द्रव पडद्यापासून सुटत असेल तर त्याची पातळ कडा पडद्याच्या वर तरंगताना दिसते, आणि यंत्र कधी कधी तिलाच पडदा समजून रेषा तिच्यावर चढवतं. मग आकडा खूप वाढतो. याउलट सुजेच्या पोकळ्या मोठ्या असल्या तर वरची रेषा पोकळीच्या आत घसरते आणि आकडा कमी येतो.

आता तळाची रेषा. ती सगळ्यात खालच्या ठळक चमकदार पट्ट्यावरून जायला हवी. पडद्यात चरबीचे पिवळे कठीण ठिपके असतील तर त्यांच्या मागे सावली पडते. सावलीत खालचा पट्टा फिका होतो आणि रेषा वर उडी मारते. तिथे जाडी खोटी कमी होते.

> सावधान: छापील कागदावर बहुधा एखादा आडवा आणि एखादा उभा छेद असतो. यंत्रात मात्र असे बरेच छेद साठवलेले असतात. छापलेल्या छेदात रेषा बरोबर आहे म्हणजे सगळीकडे बरोबर आहे असं नाही. जाडीच्या नकाशात सरळ कडांचा चौकोनी तुकडा किंवा पट्टा दिसला तर संशय घ्या. सूज इतक्या सरळ रेषेत संपत नाही.

स्पेक्ट्रालिसच्या कागदावर आणखी एक खूण मिळते. तिथे `Central Min` म्हणून मधल्या भागातली सर्वात कमी जाडी लिहिलेली असते. तिथे शून्य किंवा ५०-६० असं काही दिसलं आणि छेदात मॅक्युलाला छिद्र दिसत नसेल, तर दोन्ही रेषा एकमेकींवर कोसळल्या आहेत.

आणखी एक बारकावा: छेदाचं चित्र उंचीत ताणून छापण्याची पद्धत आहे. म्हणून लहानशी सूजही डोंगरासारखी दिसते. चित्र बघून घाबरायच्या आधी कोपऱ्यातली मायक्रॉनची मापपट्टी बघा. आडवी आणि उभी पट्टी समान लांबीची नसेल तर चित्र ताणलेलं आहे.

## ५. आता मधला आकडा

हा आकडा म्हणजे १ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातली सरासरी जाडी, मायक्रॉनमध्ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सिरसवर त्याला `Central Subfield` म्हणतात. स्पेक्ट्रालिसवर तो जाळीच्या मधल्या वर्तुळात असतो. तिथेच जवळ `Center` म्हणून दुसरा आकडा असतो, तो फक्त एका बिंदूची जाडी सांगतो आणि निरोगी डोळ्यात सरासरीपेक्षा कमी असतो. एका भेटीचा `Center` आणि दुसऱ्या भेटीची सरासरी यांची तुलना करून सूज वाढल्याचा शोध लावणारे कमी नाहीत.

निरोगी प्रौढांत हा आकडा सिरसवर साधारण २५५ ते २६० च्या आसपास आणि स्पेक्ट्रालिसवर २७० च्या आसपास असतो. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मायक्रॉनचा फरक सहज पडतो. पुरुषांत तो सरासरीने थोडा जास्त असतो. मधुमेहाची सूज मध्यापर्यंत पोचली आहे असं म्हणायला अमेरिकेतल्या डीआरसीआर संशोधन गटाने वापरलेल्या सीमा बऱ्याच ठिकाणी चालतात: सिरसवर स्त्रियांत २९० आणि पुरुषांत ३०५, स्पेक्ट्रालिसवर स्त्रियांत ३०५ आणि पुरुषांत ३२०. म्हणजे ३०० हा एकच आकडा सिरसवर एखाद्या स्त्रीसाठी सीमेच्या वर आणि स्पेक्ट्रालिसवर त्याच स्त्रीसाठी सीमेच्या आत असतो.

सीमा ओलांडली म्हणजे लगेच इंजेक्शन, असा अर्थ काढू नका. याच गटाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सूज मध्यापर्यंत असूनही नजर ६/७.५ किंवा त्याहून चांगली असलेले डोळे तीन गटांत विभागले होते: सुरुवातीपासून इंजेक्शन, सुरुवातीपासून लेझर, आणि नुसतं लक्ष ठेवून नजर उतरली तरच इंजेक्शन. २ वर्षांनी लक्षणीय नजर गमावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत १६ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान होतं. उपचार कधी सुरू करायचे ते म्हणूनच आकडा आणि नजर मिळून ठरतं, आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

घनफळाचा आकडा. सिरसच्या कागदावर `Cube Volume` आणि `Cube Average Thickness` असतात. सरासरी जाडीला ३६ ने गुणून १००० ने भागलं की घनफळ येतं, कारण स्कॅनचा चौकोन ६ × ६ मिलिमीटरचा असतो. स्पेक्ट्रालिसचं एकूण घनफळ ६ मिलिमीटरच्या वर्तुळाचं असतं, त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरांच्या थोडं वर. त्यामुळे त्याच डोळ्याचं घनफळ एकीकडे १० आणि दुसरीकडे ८.५ च्या आसपास येतं. सूज उतरल्याची ती खूण नव्हे.

## ६. रंगांचे दोन अर्थ

एकाच कागदावर दोन वेगळ्या रंगपद्धती असू शकतात आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. जाडीच्या नकाशात निळा म्हणजे पातळ, लाल आणि त्यापुढे पांढरा म्हणजे जाड. नऊ कप्प्यांतले रंग मात्र त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करून भरलेले असतील, तर हिरवा म्हणजे मधले ९० टक्के, पिवळा म्हणजे सर्वात पातळ ५ टक्क्यांत आणि लाल म्हणजे सर्वात पातळ १ टक्क्यात. म्हणजे नकाशातला लाल सूज दाखवतो आणि कप्प्यातला लाल पडदा पातळ झाल्याचं सांगतो. जास्त जाडीसाठी कप्प्यांत वेगळ्या फिकट छटा असतात. त्यांची सूची कागदाच्या कडेला असते, ती वाचूनच पुढे जा.

हिरवा कप्पा म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पडदा आधी झिजून पातळ झाला असेल आणि त्यात थोडी सूज आली, तर बेरीज नेमकी हिरव्यात येते.

## ७. जाडी कशाची आहे

आकडा जाडी सांगतो, कारण सांगत नाही. ते छेदाच्या चित्रातच शोधायचं. पडद्याच्या आत काळ्या गोलसर पोकळ्या दिसल्या तर तो मधुमेहाच्या सुजेचा नेहमीचा नमुना. पडद्याच्या खाली काळा सपाट थर असेल तर पडद्याखाली पाणी आहे, ते मधुमेहातही असतं आणि इतर आजारांतही. वरच्या कडेवर चमकदार दोरीसारखी रेघ आणि तिच्याखाली सुरकुत्या असतील तर पडद्यावर पापुद्रा धरून तो ओढला जातो आहे. असा ओढला गेलेला पडदा इंजेक्शनांना नेहमीच्या सुजेइतका दाद देईलच असं नाही, म्हणून ३५० आणि ३५० या दोन रुग्णांचा मार्ग वेगळा असू शकतो.

तळाच्या चमकदार पट्ट्याच्या किंचित वर आणखी एक बारीक चमकदार रेघ असते. ती मध्याखाली सलग आहे का तुटलेली, हे डॉक्टरांना विचारा. सूज पूर्ण उतरून आकडा २६० वर आला तरी नजर परतत नाही, तेव्हा बऱ्याचदा कारण या तुटलेल्या रेघेत असतं.

## ८. जुन्या रिपोर्टशी तुलना

तुलना फक्त त्याच यंत्रावरच्या, त्याच प्रकारच्या स्कॅनशी. सिरस तळाची रेषा रंगद्रव्याच्या थरावर धरतं, स्पेक्ट्रालिस त्याच्याही खालच्या पापुद्र्यावर. म्हणून स्पेक्ट्रालिसचा आकडा साधारण १० ते २० मायक्रॉनने जास्त येतो. एक ठरावीक आकडा वजा करून रूपांतर करायचा मोह टाळा, सुजलेल्या डोळ्यात हा फरक स्थिर राहत नाही.

एकाच यंत्रावर किती फरक खरा मानायचा? १० टक्के हा कामचलाऊ नियम धरा. ३५० चा ३४० झाला तर काही बदललं नाही असंच समजा. ३५० चा ३०० झाला तर बदल आहे, पण दुसऱ्या ते चौथ्या टप्प्याच्या तपासण्या दोन्ही स्कॅनना लागू करून मगच. मधुमेहाची सूज सकाळी जास्त आणि दिवस चढेल तशी कमी होते, त्यामुळे शक्य असेल तर वेळही तीच ठेवा.

> सावधान: नजर अचानक उतरली, सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या किंवा समोर काळा पडदा आल्यासारखं झालं, तर जुना रिपोर्ट चांगला होता म्हणून थांबू नका. लगेच डोळे दाखवा.

## तीन रिपोर्ट, एक डोळा

एका ५८ वर्षांच्या बाईंचा उजवा डोळा घेऊ. नजर ६/१२, उपचार सुरू व्हायच्या आधीचा रिपोर्ट सिरसचा. गुण ८, जाळी नीट, दोन्ही रेषा जागेवर. मधला आकडा ३४८, सरासरी जाडी ३१२, घनफळ ११.२. ३१२ × ३६ = ११,२३२, हिशोब जुळतो. छेदात पोकळ्या स्पष्ट. स्त्रियांची सिरसची सीमा २९०, म्हणजे सूज मध्यावर आहे यात शंका नाही.

दर महिन्याला एक अशी दोन इंजेक्शनं झाली. पुढचा स्कॅन दुसऱ्या ठिकाणी, स्पेक्ट्रालिसवर निघाला: ३६२. घरच्यांनी सूज १४ मायक्रॉनने वाढली असं धरलं आणि त्यांची झोप उडाली. यंत्राचं नाव बघितलं असतं तर कळलं असतं की एवढा फरक यंत्र बदलल्याचाच असू शकतो. वाढली असं या दोन कागदांवरून म्हणता येत नाही, आणि उतरली असंही नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर पुन्हा सिरस: २९६. एकदम १५ टक्के घट. बाई खूश, पुढचं इंजेक्शन टाळता येईल का असं विचारायला लागल्या. त्यांच्या मुलाने मात्र कागद नीट पाहिला होता. गुण ५. आणि मधला आकडा ५२ ने उतरला असताना आतल्या वलयाचे चारही कप्पे जेमतेम ३-४ मायक्रॉननेच हलले होते, घनफळ तर तेच ११.२. सूज खरोखर उतरते तेव्हा ती बहुधा शेजारूनही उतरते, फक्त १ मिलिमीटरच्या वर्तुळात कापून काढल्यासारखी नाही. छेदात बोट फिरवल्यावर दिसलं की वरची रेषा मधल्या मोठ्या पोकळीच्या आत घसरली होती.

कृत्रिम अश्रूंचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुन्हा स्कॅन काढला. गुण ८, रेषा जागेवर, मधला आकडा ३४१. ३४८ च्या तुलनेत २ टक्के, म्हणजे तीन इंजेक्शनांनंतर सूज जवळजवळ आहे तिथेच. नजरही ६/१२ वरच. इंजेक्शन थांबवायचा विषय तिथेच संपला आणि डॉक्टरांनी औषध तेच ठेवायचं की बदलायचं याची चर्चा सुरू केली. २९६ च्या कागदावर मुलाने दोन तिरक्या रेघा मारल्या, शेजारी ‘रेषा चुकलेली’ असं लिहिलं आणि तो फाईलमध्ये तसाच लावून ठेवला.